आठवण ठेवणारी दोन गेटं

अपोलो मोहिमांमध्ये माणसांना चंद्रावर घेऊन गेलेल्या यानांत एक दिशादर्शक संगणक बसवलेला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत त्याची रचना झाली. त्याच्या तार्किक भागात सुमारे २,८०० चिप्स होत्या आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या होत्या. प्रत्येक चिपमध्ये दोन गेटं, आणि प्रत्येक गेट नॉर. बेरीज करायची असो, आज्ञा ओळखायची असो किंवा काळाची मोजणी ठेवायची असो, सगळं या एकाच प्रकारच्या गेटाच्या जोडणीतून व्हायचं. त्याची मोठी स्मृती चुंबकीय कड्यांची होती, ती वेगळी. पण हिशेब चालू असताना आकडे ज्या खणांत क्षणभर ठेवले जात, ते खणही नॉर गेटांचेच होते.

इथेच थांबून विचार करण्यासारखं आहे. नॉर गेटाचा नियम अगदी साधा. सगळ्या इनपुटवर ० असेल तरच आउटपुटवर १ मिळतो. एकाही इनपुटवर १ आला की आउटपुट ०. या नियमात 'मघाशी काय होतं' याला जागाच नाही. समोर आत्ता जे आहे, त्यावरून गेट उत्तर देतं आणि इनपुट बदललं की उत्तर बदलतं. म्हणजे एकट्या गेटाला काहीही आठवत नाही. मग ज्यांना आठवत नाही अशा भागांपासून आठवण ठेवणारी वस्तू कशी तयार होते?

याचं उत्तर चिप्सपेक्षा पुष्कळ जुनं आहे. विल्यम एकल्स आणि फ्रँक जॉर्डन या दोघांनी १९१८ साली इंग्लंडमध्ये एका मंडलाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन निर्वात नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीचं आउटपुट दुसरीच्या इनपुटला जोडलेलं होतं. एक नळी चालू असली की ती दुसरीला बंद ठेवायची, आणि दुसरी बंद असल्यामुळे पहिली चालू राहायची. बाहेरून एक धक्का दिला की दोघींच्या भूमिका बदलायच्या आणि पुढचा धक्का येईपर्यंत तशाच राहायच्या. नळ्यांच्या जागी नॉर गेटं ठेवली की आजचं एसआर लॅच तयार होतं. एस म्हणजे सेट, आर म्हणजे रीसेट.

हे लॅच घरच्या टेबलावर करून बघता येतं, आणि बघावंच, कारण कागदावरच्या आकृतीत न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी ब्रेडबोर्डवर दिसतात. त्यासाठी सीडी४००१ ही चिप घ्यावी. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते. तिला चौदा पाय असतात आणि आत दोन-दोन इनपुटांची चार नॉर गेटं. तीन व्होल्टपासून अठरा व्होल्टपर्यंत ती चालते, त्यामुळे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावता येते. चौदाव्या पिनला धन टोक, सातव्या पिनला ऋण टोक. नॉर गेटांचीच ७४एचसी०२ नावाची दुसरी एक चिप मिळते, पण तिच्या पिनांचा क्रम वेगळा आहे. ४००१ मध्ये पहिली पिन इनपुट आहे, ७४एचसी०२ मध्ये तीच आउटपुट आहे. शिवाय तिला सहा व्होल्टच्या वर चढवायचं नसतं. एकीची आकृती पाहून दुसरी जोडली आणि वर नऊ व्होल्टची बॅटरी लावली, तर चिप तापते आणि बहुधा जाते.

आता जोडणी. ४००१ मधल्या पहिल्या गेटाची इनपुटं १ आणि २ या पिनांवर आहेत, आउटपुट ३ वर. दुसऱ्या गेटाची इनपुटं ५ आणि ६ वर, आउटपुट ४ वर. पिन ३ पासून पिन ५ ला एक तार आणि पिन ४ पासून पिन २ ला दुसरी तार. मुख्य काम या दोन तारांचंच. उरलेली दोन इनपुटं, म्हणजे १ आणि ६, बाहेरच्या जगासाठी. पिन १ ला आर म्हणू आणि पिन ६ ला एस. पिन ३ वर लॅचचं आउटपुट मिळतं, त्याला क्यू म्हणतात. पिन ४ वर त्याचं उलट, म्हणजे क्यू-बार.

एस आणि आर या दोन्ही पिनांना एकेक बटण लावायचं. बटण दाबलं की पिन बॅटरीच्या धन टोकाला जोडली जाते, म्हणजे तिच्यावर १ येतो. बटण सुटल्यावर पिन मोकळी लोंबकळता कामा नये. या जातीच्या चिपचं इनपुट जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे मोकळ्या पिनवर आजूबाजूच्या तारांमधून, हाताच्या स्पर्शातून कुठलाही व्होल्टेज येऊन बसतो. म्हणून दोन्ही पिनांपासून ऋण टोकापर्यंत दहा किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा. बटण सोडलं की तो पिनला शून्यावर आणून ठेवतो. वापरात नसलेल्या गेटांची इनपुटंही, म्हणजे ८, ९, १२ आणि १३ या पिना, ऋण टोकाला जोडून टाकायच्या.

क्यू आणि क्यू-बार यांना एकेक एलईडी लावला की आतली हालचाल डोळ्यांना दिसते. इथे एलईडीबरोबरचा रेझिस्टर मात्र नेहमीचा चारशे-पाचशे ओहमचा नको, ४.७ किलोओहमचा हवा. ही चिप फार प्रवाह देऊ शकत नाही. एलईडीने जास्त ओढला की आउटपुटचा व्होल्टेज खाली घसरतो. एरवी ते चाललं असतं, पण इथे तेच आउटपुट दुसऱ्या गेटाचं इनपुटही आहे. घसरलेला १ समोरच्या गेटाला १ म्हणून ओळखू आला नाही, तर लॅच धरून ठेवायचं विसरतं. 'बटण दाबलं की लागतो, सोडलं की विझतो' अशी तक्रार घेऊन मुलं येतात, तेव्हा मी पहिल्यांदा हाच रेझिस्टर बघते. ४.७ किलोओहममधून जेमतेम दीड मिलिअँपिअर जातो आणि आजच्या एलईडींना तेवढा पुरतो.

बॅटरी लावली की दोनपैकी एक दिवा लागतो. कुठला, ते आधी सांगता येत नाही. त्याकडे पुढे येईन. समजा क्यूचा दिवा बंद आहे. एसचं बटण दाबा. पिन ६ वर १ आला, म्हणून दुसऱ्या गेटाचं आउटपुट, म्हणजे क्यू-बार, ० झालं. हा ० तारेतून पहिल्या गेटाकडे गेला. त्याच्या दुसऱ्या इनपुटवर, आरवर, आधीच ० आहे. दोन्ही इनपुटं ० म्हणून पहिल्या गेटाने १ दिला आणि क्यूचा दिवा लागला. आता महत्त्वाचं पाऊल. क्यूवरचा हा १ दुसऱ्या तारेतून परत दुसऱ्या गेटाकडे आला. त्यामुळे दुसऱ्या गेटाचं आउटपुट ० राहायला आता दोन कारणं आहेत, एक एसचा १ आणि दुसरं क्यूचा १. बटण सोडा. एक कारण गेलं, पण दुसरं शिल्लक आहे. दिवा लागलेलाच राहतो. आठवण जी काही आहे, ती या शिल्लक राहिलेल्या कारणात आहे.

आरचं बटण दाबलं की हीच साखळी उलट्या बाजूने घडते आणि क्यूचा दिवा विझून दुसरा लागतो. एसचं बटण एकदा दाबल्यावर पुन्हा दहा वेळा दाबा, काहीही बदलत नाही. हा निरुपयोगी गुण वाटेल, पण याच गुणावर एक उपयोग उभा आहे. कुठल्याही बटणाचे धातूचे संपर्क दाबल्यावर एकदाच चिकटत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात, लागतात आणि सुटतात. माणसाला ते एक दाबणं वाटतं. गेटाचा प्रतिसाद मात्र नऊ व्होल्टला साठ-सत्तर नॅनोसेकंदांत येतो, त्यामुळे त्याला ते अनेक दाबणी दिसतात. दोन बाजूंना लागणारा, तीन पायांचा स्विच घेऊन त्याचं मधलं टोक धन बाजूला आणि दोन कडा एस व आरला जोडल्या, तर पहिल्या स्पर्शालाच लॅच पलटतं आणि पुढची थरथर त्याला हलवत नाही. स्विचची पट्टी या कडेवरून त्या कडेवर जात असताना मध्ये दोन्ही बाजू ० असतात, तेव्हा लॅच आधीची स्थिती धरून असतं. ही जोडणी ध्यानात ठेवावी, शेवटी लागणार आहे.

आता दोन्ही बटणं एकदम दाबा.

दोन्ही दिवे विझतात. साहजिकच आहे, प्रत्येक गेटाच्या एका इनपुटवर १ आहे, म्हणून दोघांचंही आउटपुट ०. पुस्तकात या स्थितीसमोर 'निषिद्ध' असं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, चिप जळत असणार. चिपला काहीही होत नाही. दिवसभर बटणं दाबून धरली तरी ती शांतपणे दोन शून्यं देत राहील. अडचण इतकीच की क्यू-बार हे नाव या वेळी खोटं ठरतं. ते क्यूचं उलट असायला हवं, आणि इथे दोघं सारखे आहेत. पुढच्या मंडलाने जर या दोघांच्या उलटेपणावर विसंबून काही केलं असेल, तर तिथे गोंधळ होईल. पण ही अडचण लहान आहे. मोठी अडचण दोन्ही बटणं सोडताना येते.

एक बटण आधी सुटलं, तर प्रश्न नाही. जे मागून सुटतं, त्याचं म्हणणं टिकतं. बोटांनी करून पाहिलं तर नेहमी असंच होतं, कारण दोन बोटं कितीही एकत्र उचलली तरी त्यांच्यात हजारांश सेकंदाचा फरक राहतो आणि गेटासाठी तो फार मोठा काळ आहे. खरा प्रश्न दोन्ही अगदी एकाच क्षणी सुटल्यावरचा. दोन्ही गेटांच्या सगळ्या इनपुटांवर आता ० आहे, म्हणून दोघंही १ द्यायला निघतात. तो १ समोर पोचला की दोघंही ० द्यायला निघतात. मग पुन्हा १. दोन्ही गेटं तंतोतंत सारखी असती, तर हे थांबायचं कारणच नव्हतं. खरी गेटं तशी नसतात. कुणी काही नॅनोसेकंद चपळ असतं, कुणाच्या तारेत थोडी जास्त धारकता असते, आणि त्या फरकाने एक बाजू जिंकते. फरक फारच कमी असेल तर दोन्ही आउटपुटं ० आणि १ यांच्या मधल्या कुठल्या तरी व्होल्टेजवर काही काळ अडकून राहतात. या स्थितीला मेटास्टेबल म्हणतात. सह्याद्रीच्या धारेवर नेमक्या कडेला पडलेला पावसाचा थेंब कोकणात जाईल की देशावर, हे एका खड्यावर ठरतं, आणि ठरेपर्यंत तो तिथेच रेंगाळतो, तसंच हे.

किती काळ रेंगाळेल याला वरची मर्यादा नाही, हे अभियंत्यांना पटवून द्यायला बराच वेळ गेला. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९७३ साली याविषयीचा शोधनिबंध छापला, तेव्हा कुठे हा विषय सर्वांसमोर आला. त्यांनी ऑसिलोस्कोपवर अडकलेल्या आउटपुटांची छायाचित्रंच दाखवली. लांब काळ अडकून राहण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही.

आपल्या ब्रेडबोर्डवर मेटास्टेबल क्षण डोळ्यांना दिसणार नाही, पण शर्यतीचा निकाल जरूर दिसतो. त्यासाठी दोन बटणांऐवजी एकच बटण घ्यायचं. त्याच्या खालच्या टोकापासून ऋण बाजूला एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच टोकापासून दहा किलोओहमच्या दोन वेगळ्या रेझिस्टरांमधून एक वाट एसला आणि एक आरला. आधीचे, ऋण टोकाला गेलेले दहा किलोओहमचे रेझिस्टर काढून टाकायचे. आता बटण सोडलं की दोन्ही इनपुटं खरोखर एकत्र खाली येतात. पुन्हा पुन्हा दाबून सोडून पाहा. बहुतेक वेळा लॅच एकाच बाजूला पडत राहतं, कारण त्या ठरावीक चिपमधला आणि त्या ठरावीक तारांमधला फरक तोच असतो. मग एस आणि ऋण टोक यांच्यामध्ये शंभर पिकोफॅरडचा, डाळीच्या दाण्याएवढा कपॅसिटर लावा. एस आता सुमारे एक मायक्रोसेकंद उशिरा खाली येतो आणि दर वेळी क्यूचा दिवा लागतो. तोच कपॅसिटर उचलून आरला लावा, दर वेळी दुसरा दिवा लागतो. ज्याचा उल्लेख कुठल्याही आकृतीत नव्हता, अशा एका मायक्रोसेकंदाने उत्तर फिरवलं. निषिद्ध या शब्दामागचं खरं कारण हेच आहे. उत्तर चुकीचं येतं असं नव्हे, तर ते आपण दिलेल्या इनपुटांवर ठरत नाही.

बॅटरी लावताना कुठला दिवा लागेल हे सांगता येत नाही, त्याचं कारणही याच घरातलं. व्होल्टेज शून्यातून वर चढत असताना दोन्ही गेटं एकत्र जागी होतात आणि तीच शर्यत लागते. ज्या यंत्रात सुरुवात ठरलेली हवी, तिथे आर आणि धन टोक यांच्यात शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावतात. वीज आल्यावर मिलिसेकंदभर आरवर १ राहतो आणि लॅच रीसेट होऊन सुरू होतं.

या सगळ्यातून दिव्यांची एक उपयोगी खूण हाती लागते. दोन्ही दिवे विझलेले दिसले, तर एस आणि आर दोन्हींवर १ आहे, किंवा वीजच पोचत नाही. दोन्ही दिवे लागलेले दिसले, तर मात्र जोडणी चुकली आहे किंवा लॅच भराभर हेलकावे खात आहे. कारण एकमेकांत गुंतलेली दोन नॉर गेटं दोघंही १ वर स्थिर राहूच शकत नाहीत.

मग हा धोका टाळायचा कसा? सरळ विचार असा, की एस आणि आर अशी दोन इनपुटं बाहेर ठेवूच नयेत. एकच इनपुट ठेवावं, त्याला डी म्हणू. डी थेट एसकडे पाठवावा आणि त्याचं उलट आरकडे. डी आणि त्याचं उलट दोन्ही १ असूच शकत नाहीत, म्हणजे निषिद्ध स्थितीच येणार नाही. पण एवढंच केलं तर दुसरीच पंचाईत होते. एस आणि आर दोन्ही ० असणं, ही धरून ठेवण्याची स्थितीही तिच्याबरोबर जाते. डी १ असला की क्यू १, डी ० असला की क्यू ०. दोन गेटं लावून शेवटी तारच मिळाली.

म्हणून दोन अँड गेटं मध्ये घालतात आणि त्या दोघांना एक सामाईक इनपुट देतात. त्याला इनेबल म्हणतात, आपण ई म्हणू. ई १ असेल तेव्हा डी आणि त्याचं उलट आत जातात. ई ० असेल तेव्हा दोन्ही अँड गेटं ० देतात, एस आणि आर दोन्ही ० होतात आणि लॅच धरून बसतं. हेच गेटेड डी लॅच.

बनवायला सीडी४०८१ ही अँड गेटांची चिप घ्यायची. तिच्या पिनांची मांडणी ४००१ सारखीच आहे. ४००१ मधल्या तिसऱ्या गेटाच्या ८ आणि ९ या पिना ऋण टोकापासून सोडवून एकत्र जोडल्या आणि त्यांना डी दिला, की पिन १० वर डीचं उलट मिळतं. ४०८१ च्या पिन १ ला डी, पिन २ ला ई, आणि पिन ३ वरून निघालेली तार ४००१ च्या पिन ६ ला, म्हणजे एसला. ४०८१ च्या पिन ५ ला डीचं उलट, पिन ६ ला ई, आणि पिन ४ वरची तार ४००१ च्या पिन १ ला. एस आणि आर यांना आता बटणं नकोत, रेझिस्टरही नकोत. बटणं डी आणि ईला जातात, दहा किलोओहमच्या रेझिस्टरांसह. ४०८१ च्या रिकाम्या गेटांची इनपुटंही ऋण टोकाला.

ईचं बटण दाबून ठेवा आणि डी दाबा-सोडा. क्यूचा दिवा डीच्या मागे चालतो. डी दाबलेला असताना ई सोडा, मग डी सोडा. दिवा लागलेलाच राहतो. डी आता कितीही वेळा दाबला तरी दिव्याला त्याची खबर नाही. एक बिट साठवला गेला, आणि तो कधी साठवायचा हे आपण ठरवलं.

पुस्तकं इथे समाधानाने सांगतात की निषिद्ध स्थिती गेली. मला हे वाक्य अपुरं वाटतं. डी ० वरून १ होतो तो क्षण पाहा. डी लगेच १ झाला, पण त्याचं उलट एका गेटातून येतं आणि त्या गेटाला साठ-सत्तर नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या काळापुरते डी १ आहे आणि त्याचं उलटही अजून १ आहे. ई जर १ असेल, तर एस आणि आर दोघांवरही १ जातो. निषिद्ध स्थिती आत येऊन गेलीसुद्धा. ई वर राहिला तर त्यातून काही बिघडत नाही, कारण आधी आर खाली येतो, एस वर राहतो आणि लॅच योग्य बाजूला बसतं. पण नेमक्या त्या खिडकीत ई खाली आला, तर एस आणि आर एकत्र सुटतात. मघाची शर्यत पुन्हा सुरू.

लॅचच्या माहितीपत्रकात सेटअप टाइम आणि होल्ड टाइम असे दोन आकडे का दिलेले असतात, ते आता समजतं. इनेबल बंद होण्याआधी इतका वेळ आणि बंद झाल्यावर इतका वेळ डी हलवू नका, असा तो करार असतो. एसआर लॅचमध्ये अट इनपुटांच्या किमतींवर होती, दोन्ही १ करू नका. डी लॅचमध्ये ती अट वेळेवर आली. हा सौदा फायद्याचा आहे, कारण एकाच घड्याळावर चालणाऱ्या मंडलात वेळ पाळणं रचनाकाराच्या हातात असतं. बाहेरून येणारा सिग्नल, उदाहरणार्थ माणसाने दाबलेलं बटण, घड्याळ बघून येत नाही. म्हणून तो आत घेताना एकामागे एक दोन टप्प्यांतून नेतात, म्हणजे पहिला टप्पा अडकला तरी दुसऱ्याने वाचेपर्यंत सुटायला त्याला घड्याळाचा एक पूर्ण ठोका मिळतो.

डी लॅचमध्ये आणखी एक उणीव आहे आणि ती दाखवायला फक्त एक तार लागते. डीचं बटण काढा आणि त्या जागी क्यू-बार, म्हणजे ४००१ ची पिन ४, डीला जोडा. मनात हेतू असा, की ई एकदा दाबला की लॅच स्वतःच्या उलट व्हावं, म्हणजे दर दाबण्याला दिवा लागावा-विझावा. ई दाबून ठेवलात तर दोन्ही दिवे मंद पेटलेले दिसतील. ई वर असेपर्यंत लॅच उघडं आहे. क्यू-बार बदलला की डी बदलतो, डी बदलला की क्यू-बार पुन्हा बदलतो, आणि हे चक्र सेकंदाला लाखो वेळा फिरतं. ई सोडण्याच्या क्षणी ते जिथे असेल तिथे थांबतं, म्हणजे निकाल पुन्हा आपल्या हातात नाही.

यावरचा उपाय म्हणजे मागे दुसरं लॅच, उलट्या ईवर चालणारं. पहिलं उघडं असताना दुसरं बंद, पहिलं बंद झाल्यावर दुसरं उघडं. दोन्ही एकत्र उघडी नसल्यामुळे बदल एका वेळी एकच पाऊल पुढे जातो. सामानाचा हिशेब मांडला तर गंमत येते. ४००१ मधलं चौथं नॉर गेट अजून रिकामं आहे. १२ आणि १३ पिना एकत्र करून त्यांना ई दिला की पिन ११ वर उलटा ई मिळतो. ४०८१ ची दोन अँड गेटं रिकामी आहेत; एकाच्या पिन ८ ला पहिल्या लॅचचा क्यू, दुसऱ्याच्या पिन १२ ला क्यू-बार, आणि ९ व १३ या पिनांना उलटा ई. वेगळा उलटवणारा गेट इथे लागत नाही, कारण क्यू आणि त्याचं उलट दोन्ही तयारच आहेत. दुसरी ४००१ चिप आणून तिच्या दोन गेटांचं दुसरं लॅच करायचं. ४०८१ ची पिन १० त्याच्या एसला, पिन ११ त्याच्या आरला. डीला जोडलेली तार आता पहिल्याऐवजी या दुसऱ्या लॅचच्या क्यू-बारपासून न्यायची, आणि दिवेही या लॅचच्या आउटपुटांवर हलवायचे.

राहिलं ईचं बटण. ते थरथरतं, आणि दर थरथरीला हे मंडल एकदा पलटेल. दुसऱ्या ४००१ मध्ये अजून दोन नॉर गेटं शिल्लक आहेत. त्यांचं साधं एसआर लॅच करून, मघाच्या तीन पायांच्या स्विचसह, ईच्या आधी बसवायचं आणि त्याचा क्यू ईला द्यायचा. तीन चिपांमधली बाराही गेटं कामाला लागली. स्विच एकदा पुढे-मागे केला की ई खाली येताना दिवा पलटतो, आणि दोनदा केला की मूळ स्थितीवर येतो.